‘एक्सेस’ म्हणजे जास्तीचे नव्हे

विम्याच्या कागदांमधला सगळ्यात फसवा शब्द कोणता, असं मला कोणी विचारलं तर मी ‘एक्सेस’ म्हणेन. शब्दकोश उघडा, अर्थ मिळेल जास्त, अतिरिक्त, वाढीव. आपल्याकडे बालाघाटात हिंदीचा वावर जास्त, त्यामुळे मनात पहिला शब्द ‘अतिरिक्त’ हाच येतो. गाडीच्या विम्याच्या अहवालात शेवटच्या ओळींत ‘लेस : कंपल्सरी एक्सेस रु. १,०००’ असं लिहिलेलं असतं आणि त्याचं ‘अनिवार्य अतिरिक्त’ असं भाषांतर केलं, की वाचणाऱ्याला वाटतं हे हजार रुपये आपल्याला वरून मिळणार आहेत. प्रत्यक्षात ते आपल्याच खिशातून जातात. प्रत्येक दाव्यात नुकसानीचा पहिला ठरावीक हिस्सा विमाधारकाने स्वतः सोसायचा, त्या हिश्श्याचं नाव एक्सेस. खासगी चारचाकीचं इंजिन १५०० सीसीपर्यंत असेल तर हा हिस्सा एक हजार, त्याहून मोठं असेल तर दोन हजार. मराठीत मी आता त्याला ‘आपला वाटा’ म्हणतो. शब्द घरगुती आहे, पण वाचणारा चुकत नाही.

हे सगळं सुचलं ते माझ्या मावशीच्या गाडीमुळे. गोंदिया रस्त्यावर पावसात म्हैस आडवी आली आणि गाडीचं नाक डाव्या बाजूने आत गेलं. माणसांना काही झालं नाही. गाडी ओढून गॅरेजला नेली, विमा कंपनीने सर्व्हेअर पाठवला, फोटो निघाले, दुरुस्ती झाली, आणि महिन्याभराने मावशीच्या हातात चार पानी इंग्रजी अहवाल आला. गॅरेजचं बिल ८०,७०० रुपयांचं होतं, अहवालातली शेवटची रक्कम ४७,०००. काका गेल्यापासून घरातले सगळे कागद मावशीच बघते. तिचं माहेर भंडाऱ्याचं, हिशेब ती मराठीतच करते, आणि तिचा साधा प्रश्न होता : मधले तेहेतीस हजार सातशे गेले कुठे? सोबत सही करायचा एक कागदही होता. सही करण्याआधी तिला अहवाल ओळीन् ओळ मराठीत हवा होता. नुसता सारांश तिला चालणार नव्हता.

आमच्या पिढीला असं भाषांतर सोपं वाटतं, कारण इंग्रजी आपण रोज वाचतो. अडचण अशी की सर्व्हेअरचं इंग्रजी हे रोजचं इंग्रजी नाहीच. ती एक वेगळीच बोली आहे. उदाहरणार्थ ‘नॉट कन्सिडर्ड’. शब्दशः ‘विचारात घेतले नाही’. वाचणाऱ्याला वाटेल की राहून गेलं असेल, आठवण करून दिली तर घेतील. सर्व्हेअरच्या बोलीत मात्र ‘कन्सिडर्ड’ म्हणजे मंजूर आणि ‘नॉट कन्सिडर्ड’ म्हणजे नामंजूर. बघून, विचार करून नाकारलेलं. म्हणून मराठीत सरळ ‘मान्य नाही’ लिहावं.

तशीच गंमत ‘रेप.’ या संक्षेपाची. एखाद्या ओळीपुढे तेवढंच लिहिलेलं असतं. ते ‘रिपेअर’ की ‘रिप्लेस’? भाग ठोकून सरळ केला की नवा टाकला? अंदाज करायचा नाही. त्या ओळीत सुट्या भागाची किंमत लावली आहे का ते बघायचं. किंमत असेल तर भाग बदलला आहे, नुसती मजुरी असेल तर दुरुस्त केला आहे. हा फरक पुढे पैशांत उतरतो, कारण घसारा बदललेल्या भागावर लागतो, मजुरीवर लागत नाही.

पहिल्या पानाच्या माथ्यावर ‘विदाउट प्रेज्युडिस’ असतं. ‘पूर्वग्रहाविना’ असं त्याचं भाषांतर मी एकदा एका छापील कागदावर पाहिलं आहे, आणि ते वाचून असं वाटतं की सर्व्हेअर आपण निःपक्षपाती असल्याची ग्वाही देतो आहे. तसं काही नाही. हा कायद्याच्या भाषेतला शब्दप्रयोग आहे, आणि त्याचा अर्थ ‘कोणाच्याही हक्काला बाधा न आणता’. म्हणजे हा अहवाल दिला म्हणून कंपनीने दावा कबूल केला असं होत नाही, आणि हा अहवाल आला म्हणून विमाधारकाचाही हक्क संपत नाही. मावशीच्या दृष्टीने अहवालातली ही सगळ्यात महत्त्वाची ओळ होती, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून होतं. सर्व्हेअर शिफारस करतो, निर्णय कंपनीचा असतो. सर्वोच्च न्यायालयानेही २००९ साली न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार या खटल्यात म्हटलं आहे की सर्व्हेअरचा अहवाल दाव्याचा आधार असू शकतो, पण तो अखेरचा शब्द नाही.

आता घसाऱ्याकडे येतो, कारण सगळा घोळ तिथेच असतो.

‘डेप्रिसिएशन’ला मराठीत घसारा हा चांगला, रुळलेला शब्द आहे. दुकानाचा हिशेब ठेवणाऱ्या कोणालाही तो माहीत असतो. पण मोटार विम्याच्या पुस्तिकेत घसाऱ्याची दोन कोष्टकं असतात, दोन्हीत गाडीच्या वयाचा रकाना असतो, दोन्हीत टक्केवारी असते, आणि दोन्हींचं काम पूर्ण वेगळं असतं. पहिलं कोष्टक गाडीची विमा रक्कम, म्हणजे आयडीव्ही, ठरवण्यासाठी. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर जास्तीत जास्त किती मिळणार ते यावरून ठरतं. त्यात चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घसारा आहे. दुसरं कोष्टक अपघातात बदललेल्या सुट्या भागांसाठी, आणि त्यात त्याच वयाच्या गाडीच्या धातूच्या भागांना ३५ टक्के आहे. मावशीच्या शेजारच्या एका सद्‌गृहस्थांनी पुस्तिका चाळून तिला सांगितलं होतं की पाच वर्षांच्या गाडीला अर्धेच मिळतात, तेव्हा जे मिळतंय ते घे. ते पहिल्या कोष्टकात बघत होते. म्हणून भाषांतरात दोन्हीकडे नुसता ‘घसारा’ लिहून भागत नाही. मी एकाला ‘विमा रकमेचा घसारा’ आणि दुसऱ्याला ‘सुट्या भागांचा घसारा’ अशी वेगळी नावं दिली आणि शेवटपर्यंत ती मोडली नाहीत.

सुट्या भागांचं हे कोष्टक १ जुलै २००२ पासून लागू झालेल्या इंडिया मोटर टॅरिफमधलं. पुढे २००७ पासून विम्याचे हप्ते ठरवायची मोकळीक कंपन्यांना मिळाली, पण घसाऱ्याचं कोष्टक पॉलिसीत तसंच राहिलं. त्याची रचना अशी. रबर, नायलॉन, प्लॅस्टिक, टायर, ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅग यांना सरसकट ५० टक्के. फायबर ग्लासच्या भागांना ३० टक्के. काचेला शून्य. उरलेल्या सगळ्या भागांना, म्हणजे मुख्यतः पत्रा आणि धातू, गाडीच्या वयाप्रमाणे : सहा महिन्यांपर्यंत काही नाही, एक वर्षापर्यंत ५ टक्के, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४०, आणि त्यापुढे ५०.

मावशीने हे ऐकलं आणि विचारलं, “काच काय झिजत नाही होय रे? आणि बंपर काल बसवला तरी अर्धा झिजला?”

प्रश्न बरोबर आहे. शोरूममधून आठवड्यापूर्वी आणलेल्या गाडीचा बंपर फुटला तरी कोष्टकाप्रमाणे त्याचे निम्मेच पैसे मिळतात, कारण प्लॅस्टिकच्या ओळीत वयाचा रकानाच नाही. म्हणजे इथला घसारा हा प्रत्यक्ष झिजेचं मोजमाप नाही. ती करारात आधीच ठरलेली कपात आहे, भाग नवा दिसतो का जुना याच्याशी तिचा संबंध नाही. घसारा या मराठी शब्दात झिजण्याची कल्पना इतकी घट्ट बसली आहे की वाचणारा भाग किती झिजला होता यावर वाद घालायला बसतो, आणि तो वाद निरर्थक असतो. वाद घालायचा तर दोनच गोष्टींवर घालता येतो : भाग कोणत्या ओळीत बसवला, आणि गाडीचं वय किती धरलं. (ज्यांनी हप्त्यात जादा पैसे भरून ‘झीरो डेप’ घेतलं असेल त्यांना या कपातीची चिंता नाही. त्यांनी तरीही आपल्या वाट्याची ओळ बघून ठेवावी.)

मावशीच्या अहवालाचं मुख्य कोष्टक मराठीत असं झालं. करासह रकमा आहेत, आणि वाचायला सोपं जावं म्हणून मी त्या जवळच्या गोल आकड्यांत आणल्या आहेत.

| तपशील | बिल | कपात | मान्य रक्कम |
|---|---|---|---|
| धातूचे भाग | ३०,००० | ४० टक्के | १८,००० |
| प्लॅस्टिकचे भाग | १४,००० | ५० टक्के | ७,००० |
| पुढची काच | ७,००० | नाही | ७,००० |
| मजुरी | ९,००० | अंशतः मान्य | ७,५०० |
| रंगकाम | १६,००० | ५० टक्के | ८,००० |
| गाडी ओढून नेणे | २,५०० | मर्यादा | १,५०० |
| कूलंट, गॅस, क्लिपा वगैरे | २,२०० | मान्य नाही | ० |
| एकूण | ८०,७०० | | ४९,००० |

या ४९,००० मधून भंगाराचे १,००० आणि आपल्या वाट्याचे १,००० वजा होऊन ४७,००० उरले. खाली ‘रुपीज फॉर्टी सेव्हन थाउजंड ओन्ली’. इथला ‘ओन्ली’ म्हणजे चेकवर आपण लिहितो ते ‘फक्त’, एवढंच. मावशी म्हणाली, फक्त खरंच.

धातूच्या भागांत बॉनेट, डावा फेंडर, रेडिएटरपुढचं सपोर्ट पॅनल आणि एसीचा कंडेन्सर होता. प्लॅस्टिकमध्ये बंपर, जाळी आणि डावा हेडलॅम्प. हेडलॅम्प काचेत का नाही, असं कोणीही विचारेल. हल्लीच्या गाड्यांच्या हेडलॅम्पचा पुढचा पारदर्शक भागही प्लॅस्टिकचाच असतो, त्यामुळे तो ५० टक्क्यांत गेला यात सर्व्हेअरचं काही चुकलं नाही. काचेची ओळ पुढच्या-मागच्या काचा आणि खिडक्या यांच्यासाठी. गाडी ओढून नेण्याला खासगी चारचाकीच्या पॉलिसीत १,५०० ची मर्यादा असते. कूलंट आणि क्लिपा यांना वापरून संपणारं सामान धरतात, आणि त्यासाठी वेगळं जादा संरक्षण घेतलेलं नसेल तर ते मिळत नाहीत. इथपर्यंत सगळं नियमाप्रमाणे.

दोन ओळी मात्र अडल्या.

पहिली धातूची. ४० टक्के म्हणजे गाडी पाच वर्षांपुढची धरली होती. गाडीची नोंदणी १४ जुलै २०१९ ची, अपघात २७ जून २०२४ चा. त्या दिवशी गाडीला पाच वर्षं पूर्ण व्हायला सतरा दिवस बाकी होते. अहवालावर तारीख होती २ ऑगस्ट २०२४, आणि वयाच्या रकान्यात ‘पाच वर्षांहून अधिक’. म्हणजे वय अपघाताच्या दिवशी न मोजता अहवाल लिहिण्याच्या दिवशी मोजलं गेलं. नुकसान ज्या दिवशी झालं त्या दिवशीचं गाडीचं वय धरायचं असतं. सर्व्हेअरला अहवाल लिहायला महिना लागला म्हणून गाडी म्हातारी होत नाही. ३५ टक्क्यांनी ३०,००० वर कपात १०,५०० होते, मान्य रक्कम १९,५००. फरक दीड हजाराचा.

दुसरी ओळ रंगाची, आणि ही जास्त बघण्यासारखी आहे, कारण हे वाक्य इंग्रजीतही लोक चुकीचं वाचतात. पॉलिसीत रंगकामाच्या घसाऱ्याचा वेगळा नियम आहे. ५० टक्के घसारा लावायचा तो फक्त रंगाच्या सामानाच्या किमतीवर, रंगवण्याच्या मजुरीवर नाही. गॅरेजने सामान आणि मजुरी वेगळी न दाखवता एकत्र बिल दिलं असेल, तर एकूण बिलाचा २५ टक्के हिस्सा सामानाचा धरायचा आणि त्यावर ५० टक्के लावायचे. वाक्यात दोन टक्केवाऱ्या एकापाठोपाठ येतात आणि घाईत वाचणारा फक्त शेवटची उचलतो. मावशीच्या गॅरेजचं बिल एकत्र होतं, १६,००० चं. सामान ४,०००, त्याचा घसारा २,०००, मान्य रक्कम १४,०००. अहवालात पूर्ण १६,००० वर ५० टक्के कापून ८,००० दिले होते. शीटमध्ये हे एवढंसं आहे :

```
=16000-(16000*25%*50%)
```

दुसऱ्या शब्दांत, एकत्र बिल असेल तर रंगाच्या एकूण रकमेतून साडेबारा टक्केच जायला हवेत. तुमच्या अहवालात रंगाची ओळ निम्म्यावर आलेली दिसली तर कॅल्क्युलेटर काढायचीही गरज नाही, तिथे बोट ठेवा. बिलात सामान वेगळं दाखवलं असेल तर मात्र हा २५ टक्क्यांचा आधार लागू होत नाही. मग सामानाची जी खरी रक्कम बिलात आहे तिच्या निम्मे जातात. कधीकधी ते विमाधारकाला महागात पडतं, कारण काही गॅरेजं सामानाची रक्कम बरीच जास्त दाखवतात.

दोन्ही फरक मिळून साडेसात हजार. ४७,००० च्या जागी ५४,५००.

इथे भाषांतर करणाऱ्यासमोर एक पेच येतो, आणि माझं मत याबाबतीत पक्कं आहे. भाषांतरात आकडा सुधारायचा नाही. मूळ अहवालात ४० टक्के आहेत तर मराठीतही ४० च लिहायचे, रंगाचे ८,००० तसेच ठेवायचे. सुधारलेलं भाषांतर मावशीने कंपनीच्या माणसासमोर धरलं असतं तर त्याने पहिल्याच मिनिटाला म्हटलं असतं की हा आमचा अहवालच नाही, आणि ते खरंही ठरलं असतं. म्हणून भाषांतर एका कागदावर, जसंच्या तसं. हरकती दुसऱ्या कागदावर, प्रत्येकीत मूळ अहवालाचा पान क्रमांक, ओळ आणि पॉलिसीतलं कलम. आमच्या कामात कोणी दुसऱ्याचा कोड वाचून समजावून सांगता सांगता गुपचूप दुरुस्त करत नाही, तसंच हे.

आणखी एक सवय कामी आली. मराठी कोष्टक तयार झाल्यावर मी बेरजा परत केल्या, मूळ अहवालातल्या आकड्यांवरून. बेरीज जुळली. म्हणजे माझ्याकडून भाषांतरात आकडा इकडचा तिकडे झाला नव्हता, आणि सर्व्हेअरची बेरीजही बरोबर होती, चूक होती ती दर लावण्यात. हे वेगळं करून सांगता येणं फार उपयोगी पडतं. ‘तुमचा हिशेब चुकला’ असं मोघम पत्र कोणी वाचत नाही. ‘तिसऱ्या पानावर गाडीचं वय २ ऑगस्टला मोजलं आहे, ते २७ जूनला मोजा’ या वाक्याला उत्तर द्यावंच लागतं.

मजुरीच्या ओळीवर मावशीचा फार राग होता. नऊ हजारांतले दीड हजार कापले, का ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी तीही हरकत लिहिली, पण तिला आधीच सांगितलं की हिच्यात दम कमी आहे. मजुरीचा दर कोणत्याही कोष्टकात नसतो. त्या भागातल्या चालू दरांवरून सर्व्हेअर वाजवी मजुरी ठरवतो, आणि त्याला तेवढी मुभा असते. तिथे भांडायचं तर दुसऱ्या गॅरेजचं लेखी कोटेशन हवं, नुसती नाराजी पुरत नाही.

आता तो सही करायचा कागद. ‘डिस्चार्ज व्हाउचर’. त्यात ‘फुल अँड फायनल सेटलमेंट’ असे शब्द होते. याचं भाषांतर करताना मी सौम्य काही शोधलं नाही, ‘संपूर्ण आणि अंतिम तडजोड, यापुढे काही मागणी नाही’ असंच लिहिलं, कारण कागद तेच म्हणतो. मग मावशीला सांगितलं की विमा नियामक संस्थेने, म्हणजे आयआरडीएआयने, सप्टेंबर २०१५ मध्ये कंपन्यांना कळवलेलं आहे की अशा व्हाउचरवर सही घेतली म्हणून नाराज ग्राहकाचा पुढे दाद मागण्याचा हक्क अडवता येणार नाही. तरीही हरकत आधी आणि सही नंतर हा क्रम बरा. नंतर ‘सही दबावाखाली केली’ हे सिद्ध करत बसण्यापेक्षा सहीच थांबवणं सोपं.

तिने पत्र दिलं, सोबत नोंदणी पुस्तिकेची प्रत, अपघाताची कळवणी, गॅरेजचं रंगाचं बिल आणि पॉलिसीचं ते एक पान. पत्र हिंदीत लिहिलं, कारण ते वाचणाऱ्याला हिंदी सोयीचं होतं. मराठी भाषांतर तिच्यासाठी होतं, कंपनीसाठी नव्हे, आणि हे विसरून मराठीच पत्र पाठवायचा हट्ट धरण्यात काही अर्थ नव्हता. तीन आठवड्यांनी सुधारित हिशेब आला. वय आणि रंग दोन्ही मान्य, मजुरी जशीच्या तशी. मिळाले ५४,५००.

हे झालं नसतं तर पुढचा रस्ता कोणता, तेही लिहून ठेवतो. आधी कंपनीच्याच तक्रार निवारण कक्षाकडे लेखी तक्रार. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपाल. आपल्या मध्य प्रदेशासाठी त्याचं कार्यालय भोपाळला आहे. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. गोंदिया-नागपूरकडच्या नातेवाइकांचा पत्ता वेगळा, त्यांनी महाराष्ट्राच्या कार्यालयांची यादी बघावी. आणि या सगळ्याआधी, सर्व्हेच्या अहवालाची प्रत मागून घ्या. ती मागण्याचा विमाधारकाला हक्क आहे, पण न मागता ती दरवेळी हातात पडेलच असं नाही. बहुतेक लोक फक्त खात्यात जमा झालेली रक्कम बघतात आणि नशिबाला दोष देतात.

एक ओळ राहिली, भंगाराची. ‘लेस सॅल्व्हेज रु. १,०००’. याचं भाषांतर ‘वाचवलेले’ असं करू नका. बदललेल्या जुन्या भागांची ती भंगारकिंमत आहे. जुना बॉनेट, फेंडर, कंडेन्सर वगैरे भाग विमाधारकाकडे राहतात असं धरून कंपनी त्यांची किंमत दाव्यातून वजा करते. म्हणजे हजार रुपये कापले गेले याचा अर्थ ते भाग मावशीचे झाले. भाषांतरात मी तिथे कंसात ‘जुने भाग आपले’ असं लिहिलं होतं. मावशीने ते वाचलं आणि दुसऱ्या दिवशी भाच्याला टेम्पो घेऊन गॅरेजला पाठवलं. बंपर तोवर कुठे गेला होता कोण जाणे, बाकीचं सगळं मिळालं. कबाडवाल्याने कंडेन्सरच्या अ‍ॅल्युमिनियमसकट साडेअकराशे दिले.